एक ग्राहक, पाच शाखा: बिल कोणाच्या नावे आणि माल कुठे उतरवायचा

मोठा ग्राहक मिळाला की पहिल्या ऑर्डरसोबत हमखास एक वाक्य येतं: "माल पाच ठिकाणी टाका, पण बिल एकच द्या, हेड ऑफिसच्या नावाने." ऐकायला सोयीचं वाटतं. बिल एक, येणं एक, पाठपुरावाही एकाच माणसाकडे. पण शाखा एकाहून जास्त राज्यांत असतील, तर हे एक बिल ग्राहकालाच महागात पडतं आणि त्याचा त्रास फिरून आपल्याकडे येतो. बिलं किती करायची आणि कोणाच्या नावे करायची, हे दोन गोष्टींवरून ठरतं. एक, शाखा कोणत्या जीएसटी नंबरखाली आहे. दोन, माल किती ठिकाणी उतरणार आहे.

भोसरीत गाड्या धुण्याचा शॅम्पू बनवणाऱ्या एका लहान युनिटचं बिलिंग मी सांभाळते. त्यामुळे उदाहरणही त्याच मालाचं घेते. ग्राहक म्हणजे मोटारींची सर्व्हिस सेंटर्स चालवणारी एक कंपनी. मुख्य कार्यालय आणि एक सेंटर पुण्यात, बाकीची सेंटर्स नाशिक, कोल्हापूर, बेळगाव आणि पणजीला. महिन्याची ऑर्डर पाच लिटरच्या २८० कॅनची, दर कॅनमागे ६०० रुपये पोच, आणि जीएसटी १८ टक्के. म्हणजे मालाचे १,६८,००० रुपये, कर ३०,२४०, एकूण १,९८,२४०.

पहिलं काम: शाखांची खरी माहिती मागून घ्या

खरेदी विभाग एका एक्सेलमध्ये पत्ते पाठवतो आणि सगळ्या ओळींसमोर एकच जीएसटी नंबर चिकटवलेला असतो. त्यावर विसंबून बिल करू नका. प्रत्येक राज्यासाठी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा. REG-06 नावाच्या या प्रमाणपत्रात मुख्य पत्ता असतो आणि त्याला जोडलेल्या परिशिष्टात त्याच नंबरखालच्या जास्तीच्या जागा असतात. आपल्याला जिथे माल टाकायचा आहे तो पत्ता या यादीत आहे का, ते बघा. नसेल तर ग्राहकाला सांगा. ती जागा नोंदणीत जोडून घेणं त्यांचं काम आहे, आणि वाटेत कोणी अधिकाऱ्याने गाडी थांबवून पत्ता पडताळला तर अडकणारा माल आपला असतो.

नंतर नंबर स्वतः वाचायची सवय लावून घ्या. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन, तो सगळ्या शाखांना एकच. आपल्या उदाहरणात पुणे, नाशिक आणि कोल्हापूर एकाच २७ च्या नंबरखाली, बेळगाव २९ खाली आणि पणजी ३० खाली आहे. म्हणजे शाखा पाच असल्या तरी करासाठी ग्राहक तीन. कंपनी एकच असली तरी कायदा या तीन नोंदणींना वेगवेगळ्या व्यक्ती मानतो. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे एकाच राज्यात कंपनी दोन नोंदण्या घेऊ शकते. मग पुणे आणि कोल्हापूर दोन्ही नंबर २७ ने सुरू होतात, पॅनही तोच असतो आणि फरक दिसतो तो थेट तेराव्या जागी, १ च्या ऐवजी २. (शेवटचं तपासणी अक्षरही बदलतं, पण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.) नजर चुकली तर कोल्हापूरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची पुढे भरायच्या करातून मिळणारी वजावट, पुण्याच्या खात्यात जातं. दुसरं म्हणजे मोठ्या कंपन्यांकडे मुख्य कार्यालयाचा एक वेगळा आयएसडी नंबर असतो. सामाईक सेवांचं क्रेडिट शाखांना वाटण्यासाठी तो असतो आणि १ एप्रिल २०२५ पासून अशा वाटपासाठी ती नोंदणी सक्तीची झाली आहे. अकाउंट्समधून चुकून तोच नंबर पाठवला जातो. आयएसडी फक्त सेवांसाठी आहे. मालाचं बिल त्या नंबरवर करायचं नाही. जीएसटी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये नंबर टाकला की करदात्याचा प्रकार दिसतो. नवीन ग्राहकाचा प्रत्येक नंबर मी तिथे टाकून बघते, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं काम: "एकच बिल" म्हटलं तर काय होईल, ते आधी समजून घ्या

समजा आपण ऐकलं आणि २८० कॅनचं एकच बिल पुण्याच्या नावे केलं. त्यातले १०० कॅन थेट पणजीला उतरवले. याला बिल-टू शिप-टू म्हणतात आणि ते कायद्याला मान्य आहे. पण अशा व्यवहारात पुरवठ्याचं ठिकाण माल उतरला तिथलं धरत नाहीत. ज्याच्या सांगण्यावरून माल पाठवला, म्हणजे ज्याच्या नावे बिल आहे, त्याचं मुख्य ठिकाण धरतात. माल गोव्यात गेला तरी पुरवठा महाराष्ट्रातला ठरतो. आपणही महाराष्ट्रातले, म्हणून कर लागतो केंद्राचा सीजीएसटी ९ आणि राज्याचा एसजीएसटी ९ टक्के.

हे क्रेडिट पुण्याच्या नोंदणीत जमा होतं. शॅम्पू मात्र पणजीत वापरला जातो आणि पणजीचं सेंटर गाडी धुण्याचे पैसे घेताना गोव्याच्या नोंदणीखाली कर भरतं. ते क्रेडिट पणजीला हवं असेल, तर पुण्याच्या कार्यालयाने पणजी शाखेच्या नावे स्वतःचं बिल करून त्यावर दोन राज्यांमधल्या व्यवहाराला लागणारा आयजीएसटी लावायला हवा. कंपनी तीच असली तरी हे बिल करावंच लागतं, कारण नोंदण्या वेगळ्या आहेत.

काही कंपन्यांकडे ही व्यवस्था असते. दर महिन्याला त्या शाखांना बिलं करतात आणि त्यांना खरोखरच सगळी खरेदी मुख्य कार्यालयातून दाखवायची असते. अशांना बिल-टू शिप-टू द्यायला हरकत नाही. पण बहुतेक वेळा "एकच बिल द्या" म्हणणाऱ्या खरेदी अधिकाऱ्याला या दुसऱ्या बिलाची कल्पनाच नसते.

चार वर्षांपूर्वी मी हे न विचारताच एका ग्राहकाला सहा महिने पुण्याच्या नावे बिलं दिली. माल गोव्यात उतरत होता. सातव्या महिन्यात त्यांच्या गोव्याच्या अकाउंटंटचा फोन आला, "ताई, माल आम्ही वापरतो, कर आम्ही रोख भरतो, क्रेडिट कुठे आहे?" त्यांच्या सीएने सहा महिन्यांची बिलं पुणे ते गोवा अशी एकेक करून बनवून घेतली. माझी बिलं कायद्याने बरोबर होती. पण त्या कंपनीसाठी ती चुकीची होती, आणि एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर हे टळलं असतं. तेव्हापासून तो प्रश्न मी लेखी विचारते: "दुसऱ्या राज्यातल्या शाखेला मुख्य कार्यालय स्वतः बिल करतं का?" उत्तर "नाही" आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर बिल त्या राज्याच्या नंबरवर.

थेट पणजीच्या ३० च्या नंबरवर बिल केलं की गणित सरळ होतं. माल गोव्यात पोहोचतो, पुरवठ्याचं ठिकाण गोवा, कर आयजीएसटी १८ टक्के, आणि क्रेडिट पणजीच्या खात्यात. पुण्याला मध्ये काही करावं लागत नाही.

तिसरं काम: एका राज्यातल्या शाखांची बिलं तरीही वेगळी ठेवा

पुणे, नाशिक आणि कोल्हापूर एकाच नंबरखाली आहेत. कराच्या दृष्टीने तिघांचं मिळून एक बिल चालेल, क्रेडिट एकाच ठिकाणी जाणार आहे. तरी मी तीन बिलं करते.

कारण बिलात आणि माल वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायच्या ई-वे बिलात माल पोहोचवण्याचा पत्ता एकच भरता येतो. सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या ई-इनव्हॉइसच्या नमुन्यातही शिप-टूची जागा एकच आहे. तीन ठिकाणचा माल एका बिलावर घेतला की पत्ता कोणता लिहायचा? शिवाय बिल माल गोडाऊनमधून निघण्याआधी किंवा निघताना व्हायला हवं. एका बिलाचा माल हप्त्याहप्त्याने जाणार असेल, तर नियम असा की पहिल्या खेपेआधी पूर्ण बिल करायचं, पुढच्या प्रत्येक खेपेबरोबर बिलाचा संदर्भ दिलेलं डिलिव्हरी चलन आणि बिलाची प्रमाणित प्रत द्यायची, आणि मूळ बिल शेवटच्या खेपेबरोबर. मोठ्या यंत्राचे भाग पाठवणाऱ्यांना हे ठीक आहे. ३० कॅनसाठी एवढे कागद सांभाळायचे आणि एखादं चलन हरवलं की महिनाभर हिशेब अडवून बसायचा, याला अर्थ नाही. म्हणून माझा नियम: माल उतरवण्याची जागा एक, तर बिल एक.

या तिन्ही बिलांवर "बिल कोणाला" या चौकटीत कंपनीचं नाव, पुण्याचा नोंदणीकृत पत्ता आणि २७ चा नंबर येतो. "माल कुठे" या चौकटीत नाशिकचा किंवा कोल्हापूरचा पत्ता. बेळगाव आणि पणजीच्या बिलात दोन्ही चौकटींत त्या त्या शाखेचाच पत्ता आणि तिथलाच नंबर.

ऑर्डर अशी फुटते:

| शाखा | कॅन | बिल कोणत्या नंबरवर | कर | बिलाची रक्कम |
|---|---|---|---|---|
| पुणे | ६० | २७ | सीजीएसटी + एसजीएसटी | ४२,४८० |
| नाशिक | ४० | २७ | सीजीएसटी + एसजीएसटी | २८,३२० |
| कोल्हापूर | ३० | २७ | सीजीएसटी + एसजीएसटी | २१,२४० |
| बेळगाव | ५० | २९ | आयजीएसटी | ३५,४०० |
| पणजी | १०० | ३० | आयजीएसटी | ७०,८०० |

खालची बेरीज १,९८,२४० यायलाच हवी. एका रुपयाचाही फरक पडला तर बिलं पाठवू नका. ग्राहकाकडे एका ऑर्डरसमोर पाच बिलं जुळवणारा माणूस पहिल्यांदा ही बेरीजच बघतो.

बिल नंबरांची मालिका शाखेनुसार वेगळी करावी असं पुष्कळांना वाटतं. करता येते. पण मग GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्रात प्रत्येक मालिका पहिल्या नंबरपासून शेवटच्यापर्यंत वेगळी दाखवावी लागते आणि रद्द झालेले नंबरही वेगळे मोजावे लागतात. मी मालिका एकच ठेवते आणि शाखेची खूण ऑर्डरच्या संदर्भात टाकते. बिल नंबर सोळा अक्षरांच्या आत असावा लागतो, आणि त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं:

```
बिल नंबर      : BH/26-27/0143
ऑर्डर संदर्भ   : ग्राहकाचा PO नंबर / PNJ
```

`PNJ` म्हणजे पणजी. हा शाखा-कोड आपल्या मनाने बनवू नका, ग्राहकाच्या सिस्टीममध्ये शाखेला जो कोड आहे तोच घ्या. त्यांचा स्टोअरकीपर माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, करताना तोच कोड टाकतो.

टॅलीत मी प्रत्येक जीएसटी नंबरसाठी एक खातं उघडते, म्हणजे या ग्राहकाची तीन खाती, आणि तिन्ही एका गटाखाली ठेवते. नाशिक आणि कोल्हापूर हे पुण्याच्याच खात्यातले वेगळे पत्ते. उधारीची मर्यादा मात्र तीन खात्यांना वेगवेगळी धरू नका. पैसे एकाच कंपनीकडून यायचे आहेत. मर्यादा अडीच लाख असेल तर ती सगळ्या गटाला मिळून अडीच लाख.

चौथं काम: गाडी, कागद आणि माल चढवण्याचा क्रम

नाशिक उलट्या दिशेला आहे, त्यामुळे तो माल ट्रान्सपोर्टने बिल्टीवर जातो. पुण्याचा आपला छोटा टेम्पो टाकून येतो. कोल्हापूर, बेळगाव आणि पणजी एका गाडीत बसतात. गाडी कोल्हापूरला थांबते, पुढे बेळगाव, आणि तिथून चोर्ला घाटाने पणजी. माल उलट्या क्रमाने चढवायचा: पणजीचे १०० कॅन सगळ्यात आत, मग बेळगावचे ५०, आणि दारापाशी कोल्हापूरचे ३०. प्रत्येक शाखेच्या कॅनवर वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा, कारण कॅन सगळे सारखेच दिसतात. कोल्हापूरला उतरवताना हमालाने हाताला येतील ते ३२ काढले, तर चूक कळते ती पणजीला.

ई-वे बिल प्रत्येक बिलासाठी वेगळं बघायचं, गाडीतल्या एकूण मालावरून नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा माल करासह ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. आपल्या गाडीत पणजीचं बिल ७०,८०० चं आहे, त्याला लागतं. बेळगावचं ३५,४०० चं, त्याला लागत नाही. कोल्हापूरचं तर नाहीच. पण ई-वे बिल नाही म्हणजे कागद नाही, असा अर्थ नव्हे. तिन्ही बिलांच्या प्रती गाडीत हव्यातच. मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात: मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे.

ई-वे बिलात व्यवहाराचा प्रकार निवडायचा असतो. पणजीचं बिल पणजीच्याच नावे असल्याने तिथे `Regular`. बिल पुण्याच्या नावे आणि माल पणजीला असं असेल तर `Bill To - Ship To`. या दुसऱ्या प्रकारात बिलं दोन होतात, आपलं पुण्याला आणि पुण्याचं पणजीला. पण माल एकदाच हलतो, म्हणून ई-वे बिल एकच, दोघांपैकी कोणीही काढलं तरी चालतं. कोण काढणार ते आधी ठरवा, नाहीतर दोघंही काढतात.

ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. बेळगावमार्गे पणजी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तीन दिवस मिळतात. बेळगावच्या सेंटरला रविवारी सुट्टी असेल आणि गाडी शनिवारी रात्री तिथे पोहोचली, तर त्यातला एक दिवस उभ्याउभ्याच जातो. म्हणून अशी गाडी शुक्रवारी सोडू नका.

ड्रायव्हरकडे तीन पाकिटं द्या, प्रत्येकावर शाखेचं नाव, कॅनची संख्या आणि उतरवून घेणाऱ्याचा फोन नंबर ठळक लिहा. पाकिटात बिल आणि पोचपावतीचा कागद. सगळी बिलं एका क्लिपमध्ये दिली की कोल्हापूरचा स्टोअरकीपर भलत्याच बिलावर सही-शिक्का मारून ठेवतो. हे मी दोनदा बघितलं आहे.

पाचवं काम: ग्राहकाला समजावून सांगा, आणि दोन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं सांगा

मुख्य कार्यालयातल्या अकाउंट्सला कर, बिल आणि पैसे यांची काळजी असते. शाखेतल्या स्टोअरकीपरला गाडी कधी येणार आणि सही कुठे करायची, एवढंच हवं असतं. दोघांना एकच लांबलचक मेल पाठवला तर दोघंही वाचत नाहीत. अकाउंट्सला मी असं लिहिते:

> नमस्कार मॅडम,
>
> आपल्या २८० कॅनच्या ऑर्डरची पाच बिलं सोबत आहेत. एकूण रक्कम ऑर्डरप्रमाणे १,९८,२४० रुपये.
>
> पुणे, नाशिक आणि कोल्हापूर यांची तीन बिलं आपल्या महाराष्ट्राच्या जीएसटी नंबरवर आहेत. नाशिक आणि कोल्हापूरच्या बिलात माल पोहोचवण्याचा पत्ता त्या शाखेचा आहे. तिन्हींचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नोंदणीत दिसेल.
>
> बेळगावचं बिल कर्नाटकच्या आणि पणजीचं गोव्याच्या नंबरवर आहे, त्यावर आयजीएसटी आहे. त्यांचं क्रेडिट थेट त्या शाखांना मिळेल, आपल्याला त्यांच्या नावे वेगळं बिल करावं लागणार नाही.
>
> पैसे नेहमीप्रमाणे पुण्याहून एकत्र पाठवले तरी चालतील. फक्त कोणत्या बिलाचे किती, एवढं कळवावं. कमी-जास्त माल किंवा गळती असेल तर शाखेने पोचपावतीवरच लिहावं, दुरुस्तीची क्रेडिट नोट त्याच शाखेच्या नंबरवर देऊ.

"त्यांच्या नावे वेगळं बिल करावं लागणार नाही" हे वाक्य गाळू नका. पाच बिलं बघून आधी वैतागलेला माणूस तिथे शांत होतो, कारण आपण त्याचंच काम वाचवलं हे त्याला दिसतं.

पणजीच्या स्टोअरकीपरला व्हॉट्सॲपवर तीन ओळी पुरतात: "दादा, बुधवारी दुपारपर्यंत गाडी येईल. निळ्या पट्टीचे १०० कॅन तुमचे. मोजून, गळका कॅन असेल तर पावतीवर संख्या लिहून, तारीख टाकून शिक्का मारा." शाखेच्या माणसाशी कराबद्दल बोलू नका. त्याने चुकून "बिल पुण्याच्या नावे बदलून द्या" म्हटलं तरी त्याच्या तोंडी सांगण्यावर बिल बदलायचं नाही. बदल अकाउंट्सच्या लेखी मेलवरच करायचा.

सहावं काम: पोचपावती आणि दुरुस्त्या

पोचपावतीवर शिक्का आणि सही असतात, तारीख मात्र राहून जाते. ती मागाच. आपण उद्यम नोंदणी असलेले लहान उत्पादक असू, तर करारात जास्त मुदत लिहिली असली तरी ग्राहकाने माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. करारच नसेल तर १५ दिवसांत. ग्राहकाने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचल्याचा दिवसच स्वीकारल्याचा दिवस मानतात. पाच शाखांना माल वेगवेगळ्या दिवशी पोहोचतो, म्हणून पाच बिलांची मुदतही वेगळी संपते. सगळ्यांना बिलाची एकच तारीख लावून पाठपुरावा केला, तर ग्राहक बरोबर असतो आणि आपण चूक.

आता बेळगावचा प्रसंग घ्या. ५० कॅनपैकी दोन झाकणापाशी गळत होते, स्टोअरकीपरने ४८ स्वीकारले आणि तसं पावतीवर लिहिलं. दोन कॅनचे १,२०० रुपये आणि आयजीएसटी २१६, मिळून १,४१६ ची क्रेडिट नोट. ती मूळ बिलाचा नंबर लिहून बेळगावच्या २९ च्या नंबरवरच व्हायला हवी. पुढच्या महिन्याच्या पुण्याच्या बिलातून १,४१६ वजा करून देऊ, असं सुचवणारे भेटतात. तसं केलं तर बेळगावला ४८ कॅनवर ५० कॅनचं क्रेडिट राहतं आणि पुण्याच्या बिलात विनाकारण सूट दिसते. दोन्ही शाखांच्या हिशेबाला त्याने धक्का लागतो.

चूक नंबराचीच असेल, म्हणजे पणजीचं बिल पुण्याच्या नंबरवर निघालं असेल, तर वेळ महत्त्वाची. ज्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे, म्हणजे ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आहे, त्यांना चोवीस तासांच्या आत ते रद्द करता येतं. त्यात बदल करता येत नाही, पूर्ण रद्दच करावं लागतं, आणि त्यावर ई-वे बिल निघालं असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. चोवीस तास उलटले तर पुण्याच्या नंबरवर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट आणि पणजीच्या नंबरवर नवं बिल. म्हणून गाडी सुटायच्या आधी नंबराचे पहिले दोन आकडे आणि माल उतरवण्याचं राज्य जुळतं का, एवढं एकदा मोठ्याने वाचा. आमच्याकडे हे काम गाडी भरणारा सुपरवायझर करतो, बिल बनवणारी मी नाही. आपण केलेल्या बिलातली चूक आपल्याला दिसत नाही.

GSTR-1 भरलं की पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला ग्राहकाच्या GSTR-2B या क्रेडिटच्या उताऱ्यात बिलं दिसतात, आणि तीही प्रत्येक नंबरची वेगळी. १५ तारखेला अकाउंट्सला फोन करून तिन्ही नोंदणींत मिळून पाचही बिलं आली का, ते विचारते. पणजीचं नसेल तर ते बहुधा दुसऱ्याच नंबरवर गेलेलं असतं, आणि त्या वेळी दुरुस्त करणं सोपं असतं.

पैसे आले की

पुण्याहून १,९६,८२४ रुपये एकरकमी येतात. ते सगळे पुण्याच्या खात्यात जमा करून मोकळं होऊ नका. पुण्याचं खातं जमा बाजूला फुगतं, पणजीचं बिल थकलेलं दिसत राहतं आणि दोन महिन्यांनी आपण भरलेल्या बिलासाठीच पणजीला फोन करतो. रक्कम बिलांप्रमाणे फोडा: पुण्याच्या खात्यात तिन्ही बिलांचे ९२,०४०, बेळगावच्या खात्यात क्रेडिट नोट वजा जाऊन ३३,९८४, पणजीच्या खात्यात ७०,८००. ग्राहकाने टीडीएस कापला असेल तर तो पॅनवर दिसतो, शाखेवर नाही. तोही बिलांच्या प्रमाणात तिन्ही खात्यांत लिहून टाका.

महिनाअखेरीला मी ग्राहकाला एक उतारा पाठवते. वर एकूण येणं, खाली तीन नोंदणींप्रमाणे बिलं, आणि प्रत्येक बिलासमोर शाखा, पोच तारीख, जमा आणि बाकी. नवीन शाखा उघडली किंवा एखादी जागा बदलली, तर ते कळवायला एक रिकामी ओळ उताऱ्याच्या शेवटी ठेवते. कोल्हापूरचं सेंटर शिरोलीला हललं, तेव्हा ती बातमी आम्हाला याच ओळीतून कळली, गाडी जुन्या पत्त्यावर जाण्याच्या चार दिवस आधी.